दरवर्षी त्याच माणसाला पत्र, आणि दरवर्षी नवं

माझी आत्या पुण्यात नारायण पेठेत राहते. 2013 पासून दर 9 डिसेंबरला, तिच्या वाढदिवशी, मी तिला हातानं लिहिलेलं एक पानभर पत्र देते. भेटवस्तू तिला नकोच असते, पत्र मात्र हवं असतं. पहिली तीन-चार वर्षं लिहिणं सोपं गेलं. 2018 च्या डिसेंबरात तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं, म्हणून पत्र मीच वाचून दाखवत होते. मी ‘पानशेतच्या’ एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य आत्यानं पूर्ण केलं. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आरतीची पुढची ओळ आपोआप तोंडी यावी तशी ती ओळ तिच्या तोंडी आली होती. घरी आल्यावर मी आधीची पत्रं काढून बसले आणि काय झालंय ते मला दिसलं.

तेव्हापासून मी जी पद्धत बसवली ती इथे सविस्तर लिहिते. उदाहरण वाढदिवसाच्या पत्राचं आहे, कारण मला ते आतून माहीत आहे. भाऊबीजेच्या पाकिटात चिठ्ठी घालणाऱ्या भावाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चार ओळी लिहिणाऱ्या नवऱ्याला यातला बराचसा भाग जसाच्या तसा वापरता येईल.

आधी दुखणं ओळखायचं

माझी 2016 आणि 2017 ची पत्रं शेजारी ठेवते. मायना सोडून मुख्य मजकूर एवढाच.

2016: ‘तुझ्यासारखी माणसं आता दुर्मीळ झाली आहेत. तू नेहमीच सगळ्यांना आधार देत आलीस. पानशेतच्या पुरात, तेराव्या वर्षी, तू बाबांना कडेवर घेऊन पर्वतीकडे चालत गेलीस. तो खंबीरपणा आजही तुझ्यात आहे. तुला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो.’

2017: ‘तुझ्यासारखं माणूस आमच्या वाट्याला आलं हे आमचं भाग्य. घरातल्या प्रत्येकाच्या पाठीशी तू कायम उभी राहिलीस. पुराच्या पाण्यातून धाकट्या भावाला कडेवर घेऊन निघालेली मुलगी आजही तितकीच धीराची आहे. तुला दीर्घायुष्य आणि उत्तम आरोग्य मिळो.’

2017 चं पत्र लिहिताना मी आदल्या वर्षीचे शब्द टाळायचा प्रयत्न केला होता, हे मला चांगलं आठवतं. ‘आधार’च्या जागी ‘पाठीशी उभी’, ‘खंबीर’च्या जागी ‘धीराची’, ‘उदंड’च्या जागी ‘दीर्घ’. तरीही ही दोन पत्रं नाहीत, एकच पत्र आहे. सुरुवातीला इतरांशी तुलना, मग सवयीचं कौतुक, मग पूर, मग आरोग्याची इच्छा. वाक्यांचा सांगाडा तोच राहिला आणि वरचे कपडे तेवढे बदलले.

म्हणून समानार्थी शब्द शोधत बसणं हा या दुखण्यावरचा उपाय नाही. उलट त्यानं पत्र खालावत जातं. पहिल्या वर्षी जो शब्द मनापासून आला तोच बहुधा सगळ्यात बरोबर असतो. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारचा शब्द येतो, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी लांबचा. चौथ्या वर्षी आपण ‘धीरोदात्त’ लिहून बसतो, आणि आत्याला आपण जन्मात कधी धीरोदात्त म्हटलेलं नसतं.

जुनं वाक्य परत का येतं

एक कारण उघड आहे. आपण दरवर्षी त्याच तारखेच्या आदल्या रात्री लिहायला बसतो, त्याच माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणतो आणि स्वतःला तोच प्रश्न विचारतो: ‘आत्या कशी आहे?’ या प्रश्नाचं उत्तर वर्षावर्षाला बदलत नाही. आत्या धीराची होती, धीराची आहे. ‘कशी आहे’ विचारलं की विशेषणच हाती येतं, आणि एका माणसाला खरोखर लागू पडणारी विशेषणं चार-पाचच असतात.

दुसरं कारण क्रियापदात आहे, आणि ते मला बऱ्याच उशिरा कळलं. वरच्या दोन्ही पत्रांतली क्रियापदं पाहा. ‘देत आलीस’, ‘कायम उभी राहिलीस’, ‘आजही तुझ्यात आहे’. ही सगळी सवय सांगणारी आहेत. शाळेत आपण ज्याला रीतिभूतकाळ म्हणत असू, तो ‘करायचीस’, ‘देत असस’ हासुद्धा याच घरातला. सवयीला तारीख नसते, म्हणून सवय सांगणारं वाक्य कुठल्याही वर्षी चालतं आणि म्हणूनच दरवर्षी परत येतं. याउलट ‘तू धाकटीला फोन केलास’ हा साधा भूतकाळ. तो एकदाच घडतो, आणि ज्या वर्षी घडला त्याच वर्षाचा असतो.

पत्र तपासताना मी ‘नेहमी’, ‘कायम’, ‘सतत’, ‘आजही’, ‘आजवर’ हे पाच शब्द आधी शोधते. त्यातला एखादा सापडला की त्या वाक्यात यंदाचं काही नाही, असं धरायला हरकत नाही.

पायरी पहिली: जुनी पत्रं एका जागी आणा

पत्र हातात देण्याआधी त्याचा फोटो काढा आणि सगळे फोटो एकाच फोल्डरमध्ये, नावात वर्ष घालून ठेवा. एवढं केलं की पुढचं सगळं शक्य होतं. आधीच्या पत्रांच्या प्रती नसतील तर ज्यांना लिहिली त्यांच्याकडे मागू नका, निदान वाढदिवस जवळ आलेला असताना तरी नको. त्यांना कळतंच कशासाठी ते. त्याऐवजी कागद घेऊन, काय लिहिलं होतं ते आठवेल तेवढं लिहून काढा. ही आठवण तुटक असली तरी कामाची आहे. जे वाक्य तुम्हाला आज आठवतंय, तेच लिहिताना पुन्हा हाताशी येणार आहे. विसरलेल्या वाक्यांपासून धोका कमी.

टाइप केलेली पत्रं असतील तर शोधणं सोपं, पण मराठीत एक अडचण आहे. विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं. ‘पूर’ शोधलंत तर ‘पुरात’ सापडत नाही, कारण तिथे ऊकार ऱ्हस्व होतो. ‘माणूस’ शोधलंत तर ‘माणसं’ आणि ‘माणसाला’ निसटतात. म्हणून दोन्ही रूपं शोधा, किंवा शब्दाचा न बदलणारा तुकडाच शोधा: ‘लाभ’ टाकलं की ‘लाभो’, ‘लाभावं’, ‘लाभलीस’ सगळी पकडली जातात.

पायरी दुसरी: वर्षभर चार-चार शब्दांच्या नोंदी

सगळं खरं काम इथे होतं, डिसेंबरात नाही.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकतं. दूध, गॅस, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या यांच्याच शेजारी, त्या त्या तारखेच्या चौकटीत, मी आत्याबद्दल चार-पाच शब्द लिहिते. चौकट लहान असल्यामुळे जास्त लिहिता येत नाही, हे बरंच आहे. वर्षाला आठ-दहा नोंदी पुरतात. वर्ष संपलं तरी कॅलेंडर टाकायचं नाही. ते घडी करून जुन्या पत्रांच्या फाइलीत जातं.

नोंद कशाची करायची, हे मला दोन वर्षं चुकत चुकत कळलं. सुरुवातीला मी लिहायचे, ‘आत्याकडे गेले, छान गप्पा’. डिसेंबरात अशा नोंदीतून काहीच निघत नाही. गप्पा झाल्या हे कळतं, काय बोललो ते कळत नाही. आता मी तीनच गोष्टी टिपते. तिनं बोललेलं एखादं वाक्य, तिच्याच शब्दांत. तिनं केलेली अशी एखादी गोष्ट, जी मी पहिल्यांदाच पाहिली. किंवा तिच्या घरात बदललेली एखादी वस्तू. ‘गुलबक्षी खिडकीतून गच्चीत’, ‘चष्मा नको म्हणाली, भिंग घेतलं’, ‘भिडे पूल पाण्याखाली, विचारत होती’ अशा. वाचणाऱ्याला यातून अर्थबोध होणार नाही, पण मला ती दुपार आठवते.

ज्या वर्षी चौकटी रिकाम्या राहतात, त्या वर्षी नोव्हेंबरात घरातल्या दोघांना फोन करायचा आणि विचारायचं, ‘आत्या तुला शेवटचं काय म्हणाली?’ ‘आत्याबद्दल काहीतरी सांग’ असं विचारलंत तर समोरूनही ‘खूप धीराची’ हेच येईल.

पायरी तिसरी: आधी लिहा, मग जुनं वाचा

यावर माझ्या बहिणीचं मत वेगळं आहे. तिला वाटतं, जुनी पत्रं आधी वाचावीत म्हणजे काय टाळायचं ते कळेल. मी दोन्ही करून पाहिलं. आधी वाचलं की जुन्या पत्राची चाल कानात बसते, आणि आपण तिच्यात नवे शब्द भरतो; 2017 मध्ये माझं नेमकं हेच झालं होतं. किंवा मग जुन्याच्या बरोबर उलट लिहायचा अट्टहास होतो, आणि पत्र माझं वाटत नाही.

म्हणून क्रम असा. वाढदिवसाच्या साधारण तीन आठवडे आधी फक्त कॅलेंडर घेऊन बसायचं आणि कच्चं पत्र एका बैठकीत लिहायचं. दोन दिवस ते बाजूला ठेवायचं. मग मागच्या तीन वर्षांची पत्रं काढून मोठ्यानं वाचायची, आणि त्यांच्यापाठोपाठ नवं. जुनी चाल डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळते. तीनहून जास्त मागे जायची गरज मला वाटत नाही. आवडलेलं वाक्य आठ वर्षांनी परत आलं तर ते चालतं, कधी कधी गोडही वाटतं.

वाचताना पेन्सिलनं चार जागा पाहायच्या: पहिलं वाक्य, कौतुकाचं क्रियापद, सांगितलेला प्रसंग आणि शेवटची इच्छा. मधला मजकूर आपोआप बदललेला असतो. सारखेपणा या चार जागांत साचतो. त्यातही पहिलं आणि शेवटचं वाक्य सगळ्यात घातक. मी एका कागदावर सगळ्या वर्षांची फक्त पहिली वाक्यं एकाखाली एक लिहून ठेवली आहेत आणि मागच्या बाजूला फक्त शेवटची. नवं वाक्य त्या रांगेत शेवटी लिहून पाहिलं की ते वेगळं आहे की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही.

आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न: हे वाक्य मला मागच्या वर्षी लिहिता आलं असतं का? आलं असतं, तर ते मागच्या वर्षी लिहिलेलं नसलं तरीसुद्धा काढायचं. ही कसोटी कडक आहे. माझ्या कच्च्या पत्रातली निम्मी वाक्यं तिच्यात पडतात. पण शब्द बदलून तिला चुकवता येत नाही, म्हणून माझा तिच्यावर भरवसा आहे.

जुना प्रसंग पुन्हा सांगायचा असेल तर

काही प्रसंग टाळता येत नाहीत, टाळूही नयेत. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आत्या तेव्हा तेरा वर्षांची होती, माझे बाबा चार. तिच्या आयुष्यातला तो इतका मोठा दिवस आहे की त्याला पत्रातून कायमचं हद्दपार करणं मला खोटं वाटलं. 2018 नंतर मी तीन वर्षं तसं करून पाहिलं, आणि पत्रं काहीशी पोकळ झाली.

मग कळलं, प्रसंग जुना असला तरी त्याला विचारलेला प्रश्न नवा असू शकतो. मी दरवर्षी एकच विचारत होते: तू किती धीरानं वागलीस? तो प्रश्न सोडला की त्याच दिवसात कितीतरी शिल्लक होतं. पायात काय होतं? घरी कधी परतलात? पहिलं जेवण काय? एका वर्षी एकच प्रश्न, आणि तो प्रत्यक्ष तिलाच विचारायचा. उत्तर मनानं रचलेलं नसावं. ते तिला लगेच ओळखू येईल.

2024 चं पत्र कसं झालं

25 जुलै 2024 च्या पहाटेपर्यंत पुण्यात रात्रभर धो-धो पाऊस झाला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. माझी धाकटी बहीण त्याच भागात राहते, वरच्या मजल्यावर. कॅलेंडरवर माझी नोंद 11 ऑगस्टची आहे, कारण तिनं मला तेव्हा सांगितलं: ‘आत्या – मीठ आधी वर ठेव’. त्या सकाळी आत्यानं तिला फोन करून हे सांगितलं होतं. सप्टेंबरात मी आत्याला विचारलं, मीठच का?

नोव्हेंबरातल्या कच्च्या पत्राचं पहिलं वाक्य होतं, ‘यंदाच्या पावसानं तुला पुन्हा पानशेत आठवलं असेल.’ मागच्या वर्षी लिहिता आलं असतं का? ‘यंदाच्या’ हा शब्द असूनही, हो. पुण्यात पाऊस दरवर्षी पडतो. काढलं. दुसरं, ‘एवढ्या वयातही तुला सगळ्यांची काळजी.’ हे तर 2016 चंच, फक्त वय वाढवून. काढलं. शेवटी होतं, ‘तुझी तब्येत अशीच ठणठणीत राहो.’ त्या कागदाच्या मागच्या बाजूला ‘लाभो’, ‘मिळो’, ‘राहो’ अशी रांगच होती. ओकारान्त इच्छा आली की वाक्य आशीर्वादाच्या साच्यात जातं आणि त्यात नाव कुणाचंही घालता येतं. त्यामुळे इच्छा लिहायची तर ती पुढच्या एका वर्षात मावणारी, आणि शक्यतो मलाही काहीतरी करायला लावणारी, असं मी ठरवलं आहे. उरलं ते असं झालं:

‘ती. आत्यास शि. सा. न.

25 जुलैला धाकटीच्या सोसायटीत पाणी आलं तेव्हा तू तिला फोन करून म्हणालीस, “मीठ आणि काड्यापेटी आधी माळ्यावर टाक.” काड्यापेटीचं कळलं, मिठाचं आम्हा दोघींना कळलं नाही. मग तुला विचारलं. पुरानंतर घरी परतलात तेव्हा गहू भिजलेले, डाळी भिजलेल्या, पण होत्या. मिठाची बरणी मात्र रिकामी. शेजारून आणलेल्या पिठाचं आजीनं दोन दिवस अळणी पिठलं केलं आणि तू ते बाबांना भरवलंस, गोष्ट सांगत. कुठली गोष्ट ते तुला आठवत नाही म्हणालीस. मी तुझा पूर इतकी वर्षं पर्वतीच्या वाटेवरच संपवत होते.

संक्रांतीच्या आत एक दिवस मी पीठ घेऊन येते. पिठलं तू कर. मीठ मी घालीन.

तुझीच.’

यात पूर आहे, बाबा आहेत, तिचं भरवणंही आहे. कौतुकाचं विशेषण एकही नाही. कडेवर घेतल्याचा उल्लेखसुद्धा नाही, आणि त्याची उणीव मला जाणवली नाही.

जे बदलायचं नाही

‘ती. आत्यास शि. सा. न.’ हा मायना मी दरवर्षी तसाच लिहिते. आईवडिलांना तीर्थरूप आणि इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, हा भेद तिनंच मला शिकवला, ‘ती.’ लिहिलं की दोन्ही भागतं. 2020 मध्ये नव्याच्या नादात मी ‘प्रिय आत्या’ लिहिलं, तर तिनं फोन करून विचारलं, ‘रागावली नाहीस ना?’ मायना आणि शेवटची सही या पत्राच्या उंबरठ्यासारख्या. गाळल्यावर समोरच्याला चुकल्यासारखं वाटेल, ते ठेवायचं. गाळल्याचं त्याच्या लक्षातही येणार नाही, ते वाक्य सवयीनं आलेलं आहे.

दोन प्रसंगी ही सगळी पद्धत बाजूला ठेवावी. त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल तर नव्या-जुन्याची तपासणी करू नये. चार साध्या ओळी लिहाव्यात, त्या आधी कुणी लिहिलेल्या असल्या तरी. आणि ज्यांना लिहितो त्यांची स्मृती विरत चालली असेल, तर त्यांना ओळखीचं वाक्यच हवं असतं. माझ्या एका मैत्रिणीच्या आईचं तसं झालं आहे. ती आता दरवर्षी एकच पत्र नव्या कागदावर उतरवून काढते, शब्दही न बदलता, आणि आई दरवर्षी त्याच ओळीला हसते.

आत्याचं तसं नाही. पिठल्याचं पत्र वाचून झाल्यावर तिनं भिंग खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘ती गोष्ट चिमणी-कावळ्याचीच असणार, दुसरी मला येतच नव्हती.’ डिसेंबरची ती चौकट दुधाच्या हिशेबानं भरली होती, म्हणून मी तिच्या कडेला लिहिलं: ‘चिमणी-कावळा’.